एका तक्रारीचे अठ्ठ्याण्णव रुपये

सांगलीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक काउंटरवर उभे आहे आणि बिल छापले जात नाही. दुकानदार पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्टला फोन लावतो. पलीकडची मुलगी म्हणते, “काका, स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचून दाखवता का?” बारा मिनिटांत प्रिंटर चालू होतो. या बारा मिनिटांची कंपनीच्या संगणकात नोंद होते, तिला क्रमांक मिळतो. त्या नोंदीला तिकीट म्हणतात. दुकानदार वर्षाची वर्गणी आधीच भरून बसलेला असल्यामुळे या फोनचे वेगळे पैसे देत नाही. कंपनीला मात्र त्याचे पैसे पडतात.

किती पडतात, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी झटपट उत्तर मिळते: टीमचा पगार भागिले महिन्याची तिकिटे. हे उत्तर सहसा खऱ्या खर्चाच्या निम्म्यावर येते. शिवाय आकडा पूर्ण काढला तरी तो कसा वाचायचा हे ठाऊक नसेल, तर चांगले काम करणारी टीम कागदावर नापास होते आणि गोंधळ घालणारी पास होते. म्हणून एक नमुना घेऊन हा हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. यातले रुपये आणि तिकिटांची संख्या समजण्यासाठी मी ठरवलेली आहे. पद्धत मात्र कोणत्याही टीमला लागू पडेल अशी आहे.

आपली कंपनी दुकानदारांना बिलिंगचे सॉफ्टवेअर देते. तिचे ५,००० ग्राहक आहेत. सपोर्टला आठ मुले-मुली आणि त्यांच्यावर एक सुपरवायझर. गेल्या महिन्यात तिकिटांच्या यंत्रणेत ४,००० नवी तिकिटे दिसली. प्रत्येकाचा पगार २५,००० रुपये. म्हणजे पगाराचे २ लाख भागिले ४,०००. एका तिकिटाला ५० रुपये. झटपट उत्तर ते हेच.

वरचा आकडा पूर्ण करायचा

पहिली दुरुस्ती पगारात आहे. २५,००० रुपये माणसाच्या नावावर लागतात, पण कंपनीच्या खिशातून त्याहून जास्त जातात. मूळ वेतन १२,५०० धरले तर त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, आणि पीएफशी जोडलेला विमा व प्रशासकीय आकार मिळून आणखी सुमारे १ टक्का. हे झाले १,६२५ रुपये. ग्रॅच्युइटी नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी असते आणि महिना सव्वीस दिवसांचा धरतात. त्यामुळे दरमहा मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ६०० रुपये बाजूला काढावे लागतात. आरोग्य विमा आणि इतर किरकोळ मिळून ७७५ धरू. बेरीज २८,००० रुपये होते आणि आठ जणांचे २,२४,०००.

इथे उलटी चूकही होते. नेमणुकीच्या पत्रात लिहिलेला सीटीसीचा आकडा बहुधा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरूनच असतो. तो घेऊन त्यावर पुन्हा पीएफ चढवला, तर एकच खर्च दोनदा मोजला जातो. म्हणून एक तर सीटीसी जसा आहे तसा घ्यावा, नाहीतर पगारपत्रकातून सुरुवात करून एकेक भर घालावी. दोन्ही मिसळू नये.

दुसरी दुरुस्ती साधनांची. तिकिटे नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरचे भाडे दरमहा माणशी असते, आणि सुपरवायझरलाही एक जागा लागते. म्हणजे नऊ जागा, प्रत्येकी १,५०० रुपये धरून १३,५००. फोनची यंत्रणा आणि कॉलचे पैसे १२,०००. ग्राहकाच्या संगणकाचा पडदा आपल्याकडे पाहता यावा यासाठीचे सॉफ्टवेअर ४,५००. इंटरनेट, हेडसेट वगैरे ४,५००. राहिले लॅपटॉप. ५४,००० रुपयांचा लॅपटॉप तीन वर्षे चालतो असे धरले तर महिन्याला १,५०० पडतात, नऊ जणांचे १३,५००. खरेदीच्या महिन्यात सगळी रक्कम टाकली तर त्या महिन्याचा आकडा उगाच फुगतो आणि पुढची पस्तीस महिने तो खोटा स्वस्त दिसतो. साधनांची बेरीज ४८,०००. जागेचे भाडे आणि वीज आपण या हिशेबात धरलेली नाही. कुणाला धरायची असेल तर धरावी, पण मग दर महिन्याला धरावी.

तिसरी दुरुस्ती सुपरवायझरच्या वेळेची, आणि ती सर्वांत जास्त वेळा राहून जाते. त्याचा सगळा खर्च महिन्याला ६०,००० आहे. पण तो पूर्ण वेळ सपोर्टचेच काम करतो का? नव्या ग्राहकांना सॉफ्टवेअर बसवून देण्याच्या बैठकांना तो असतो, विक्रीची माणसेही त्याला ओढून नेतात. अंदाजाने टक्केवारी टाकण्यापेक्षा दोन आठवडे अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवावी. त्यात चारच रकाने पुरतात: अडलेली तिकिटे सोडवणे, इतरांची उत्तरे तपासणे व शिकवणे, शिफ्ट आणि रजा लावणे, आणि सपोर्टबाहेरचे काम. आपल्या नमुन्यात पहिल्या तीन रकान्यांत ७० टक्के वेळ गेला. म्हणजे ४२,००० रुपये सपोर्टचे.

२,२४,००० अधिक ४८,००० अधिक ४२,०००. एकूण ३,१४,००० रुपये.

खालचा आकडा साफ करायचा

आता तिकिटे. यंत्रणेत दिसणारी ४,००० तिकिटे म्हणजे ४,००० तक्रारी नव्हेत. सपोर्टच्या ईमेलवर जाहिराती येतात, रजेवर असल्याची आपोआप जाणारी उत्तरे येतात. त्या प्रत्येकाचे तिकीट बनते. अशी ४२० निघाली. दुकानदार आधी फोन करतो, उत्तर यायला पाच मिनिटे लागली की ईमेल टाकतो, मग व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो. तक्रार एकच आणि तिकिटे तीन. अशी एकमेकांत मिसळून टाकलेली जादा तिकिटे ३८०. उरली ३,२००.

३,१४,००० भागिले ३,२०० म्हणजे ९८ रुपये. ५० वरून ९८. टीम तीच, महिना तोच, फक्त बेरीज आणि भागाकार नीट झाला.

मिनिटाचा भाव

९८ हा सरासरीचा आकडा. पासवर्ड विसरलेल्या माणसाला आणि जीएसटीचा ताळेबंद न जुळणाऱ्या माणसाला तो एकाच मापात घालतो. त्यापुढे जायचे तर कामाच्या एका मिनिटाला कंपनीला काय पडते हे काढावे लागते, आणि त्यासाठी माणसाचे किती तास खरोखर तिकिटांवर जातात हे पाहावे लागते.

महिन्याचे २२ दिवस, रोज ८ तास: १७६ तास. रजा आणि आजारपण मिळून दोन दिवस वजा केले की १६० तास. रोजच्या बैठका, नव्या आवृत्तीचे प्रशिक्षण आणि चहा यांत दीड तास जातो, म्हणजे १३० राहिले. या १३० तासांतही प्रत्येक क्षणी हातात तिकीट असते असे नाही. आपल्या नमुन्यात माणशी १०० तास प्रत्यक्ष तिकिटांवर गेले.

उरलेले ३० तास पाहून मालकाच्या कपाळाला आठ्या पडतात. पण ते तास काढून टाकता येत नाहीत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ आणि १९१७ साली लिहिलेल्या निबंधांत फोन कॉलचे गणित मांडले. कॉल सेंटरमध्ये किती माणसे लागतील हे आजही त्याच्या सूत्रांवरून काढतात. त्यातून निघणारी गोष्ट अशी: फोन ठरवून येत नाहीत, एकदम चार येतात आणि मग दहा मिनिटे एकही येत नाही. माणसे शंभर टक्के गुंतलेली ठेवायची म्हटले तर रांग वाढतच जाते. लोकांना लवकर उत्तर हवे असेल, तर थोडा वेळ माणसे मोकळी असणारच.

बिलिंगच्या धंद्यात याला तारखांचीही जोड आहे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यासाठी जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेची आणि जीएसटीआर-३बी ची २० तारखेची असते. आठ ते अकरा आणि अठरा ते वीस या दिवसांत फोन खणखणत राहतात, पंचवीस तारखेला खोली शांत असते. पंचवीस तारखेचा मोकळा तास हा दहा तारखेच्या तयारीचा खर्च आहे. म्हणूनच एका आठवड्याचा आकडा काढून निष्कर्ष काढू नये. महिना तर पूर्ण हवाच, शक्य असेल तर तीन महिने एकत्र घ्यावेत.

आठ जणांचे ८०० तास म्हणजे ४८,००० मिनिटे. पगार आणि साधने मिळून २,७२,००० रुपये. एका मिनिटाला ५ रुपये ६७ पैसे. नुसता पगार कामाच्या १७६ तासांवर वाटला तर हाच भाव २ रुपये ३७ पैसे दिसला असता. सुपरवायझरचे ४२,००० मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. त्याचा वेळ सगळ्या तिकिटांवर सारखा जात नाही, म्हणून तो सारखा वाटूही नये.

चार प्रकारची तिकिटे

आता प्रत्येक तिकीट बंद करताना मुलांनी प्रकार निवडायचा आणि लागलेली मिनिटे लिहायची. दोन आठवड्यांची नोंद पुरते. फोनचा वेळ यंत्रणेतून मिळतोच, पण फोन ठेवल्यावर नोंद लिहायला आणि ग्राहकाला दुवा पाठवायला लागणारी मिनिटे त्यात धरायला हवीत. प्रकार चार-पाचच ठेवावेत. वीस ठेवले तर घाईत सगळे जण ‘इतर’ निवडतात.

आपल्या महिन्यात लॉगिन आणि पासवर्डची १,२०० तिकिटे आली, प्रत्येकी ५ मिनिटांची. ‘हे कसे करायचे’ अशी १,००० होती, प्रत्येकी १० मिनिटांची. प्रिंटर आणि इन्स्टॉलेशनची ७००, प्रत्येकी २० मिनिटांची. आणि जीएसटीचे आकडे न जुळण्याची ३००, प्रत्येकी एक तासाची. मिनिटांची बेरीज बरोबर ४८,००० येते. ती आली नसती, तर नोंदीत कुठेतरी घोळ आहे हे तिथेच कळले असते.

सुपरवायझरच्या नोंदीवरून दिसले की त्याचा दोन तृतीयांश वेळ जीएसटीच्या तिकिटांमागे गेला आणि एक तृतीयांश प्रिंटरच्या. त्याप्रमाणे त्याचे २८,००० आणि १४,००० रुपये त्या-त्या खात्यावर टाकले. मग एका तिकिटाची किंमत अशी निघते:

- लॉगिन, पासवर्ड: २८ रुपये
- ‘कसे करायचे’: ५७ रुपये
- प्रिंटर, इन्स्टॉलेशन: १३३ रुपये
- जीएसटीचे आकडे न जुळणे: ४३३ रुपये

संख्येने सर्वांत मोठा प्रकार पासवर्डचा, म्हणून बैठकीत चर्चा त्याचीच होते. पैसा मात्र जीएसटीच्या ३०० तिकिटांत आहे. दहातल्या एकाहूनही कमी तिकिटांनी ३,१४,००० पैकी १,३०,००० रुपये खाल्ले. ९८ च्या सरासरीत हे कुठेच दिसत नव्हते.

आकडा वाढला म्हणजे काम बिघडले का?

समजा कंपनीने पासवर्ड बदलण्याची सोय मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ग्राहकाच्याच हातात दिली. पुढच्या महिन्यात पासवर्डची तिकिटे १,२०० वरून २०० वर आली. दुकानदार खूश, टीमचे ८३ तास वाचले. आता भागाकार करा. पगार तोच, साधने तीच, खर्च ३,१४,०००. तिकिटे २,२००. एका तिकिटाची किंमत ९८ वरून १४३ रुपयांवर गेली. फक्त हा आकडा पाहणारा वरिष्ठ सुपरवायझरला बोलावून खर्च का वाढला असे विचारेल. प्रत्यक्षात टीमने त्या महिन्यात सर्वांत चांगले काम केले. स्वस्त तिकिटे गेली, महाग उरली, म्हणून सरासरी चढली.

उलटही घडते. नव्या आवृत्तीत दोष राहिला, तक्रारींचा पूर आला. मुलांनी घाईघाईने अर्धवट उत्तरे देऊन तिकिटे बंद केली. दुकानदारांनी दोन दिवसांनी पुन्हा फोन केले, त्यांची नवी तिकिटे झाली. तिकिटे ४,२००, खर्च तेवढाच, किंमत ७५ रुपये. अहवालात हिरवा बाण आणि बाजारात कंपनीच्या नावाने बोटे मोडणे.

हे ओळखायला दोन गोष्टी पाहाव्या लागतात. बंद केलेली किती तिकिटे पुन्हा उघडली, आणि एकाच ग्राहकाचा त्याच कारणासाठी सात दिवसांत पुन्हा फोन आला का. आपल्या पहिल्या महिन्यातल्या ३,२०० तिकिटांत अशी पुन्हा आलेली ५०० निघाली, तर खरे प्रश्न २,७०० आणि सुटलेल्या प्रश्नाची किंमत ११६ रुपये. घाईत बंद केलेले तिकीट या मोजणीत स्वस्त दिसत नाही.

त्याच्या शेजारी तिसरा आकडा हवा: ग्राहकामागे सपोर्टचा खर्च. ३,१४,००० भागिले ५,००० ग्राहक म्हणजे महिन्याला ६३ रुपये. ओटीपीची सोय आल्यावर तो लगेच हलत नाही, पण वाढतही नाही. वाचलेल्या ८३ तासांच्या बळावर तीच आठ जणांची टीम पुढे ५,५०० ग्राहक सांभाळू लागली की तो ५७ रुपयांवर येतो. फायदा दिसतो तो इथे.

वाचलेले पैसे कुठे असतात

या हिशेबात सर्वांत जास्त फसवणूक बचतीच्या आकड्यात होते. हजार तिकिटे कमी झाली, प्रत्येकी ९८ रुपये, म्हणून ९८,००० वाचले, असे सादरीकरणात सर्रास लिहिले जाते. पण त्या महिन्यात बँकेतून एक रुपयाही कमी गेलेला नाही. एसटीत वीस माणसे बसली काय आणि पन्नास बसली काय, डिझेल आणि चालक-वाहकाचा पगार जवळपास तेवढाच लागतो. सपोर्टचा खर्चही तसाच, माणसागणिक पायऱ्यांनी चढतो आणि उतरतो. नववा माणूस घ्यावा लागला नाही, तेव्हा २८,००० रुपये आणि एका लॅपटॉपचे भाडे खरोखर वाचते. तोवर वाचतो तो वेळ. तो वेळ कुठे लावला हे सांगता आले, तरच त्याला बचत म्हणावे.

पासवर्डच्या त्या तिकिटांबाबत तर ९८ हा भाव धरणेच चूक होते, कारण त्यांची किंमत २८ रुपये होती.

४३३ रुपयांचे तिकीट उघडून पाहू

मग हा सगळा खटाटोप कशासाठी? कुठला दोष आधी दुरुस्त करायचा हे ठरवण्यासाठी. जीएसटीच्या ३०० तिकिटांची कारणे वाचल्यावर दिसले की त्यांतली ९० एकाच जागी उगम पावतात: बिल करताना गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक चुकीचा टाइप झाला. महिनाअखेरीस समोरच्या व्यापाऱ्याला त्याचे क्रेडिट दिसत नाही, तो दुकानदाराला विचारतो, दुकानदार सपोर्टला. तेव्हा महिनाभराची बिले उपसून चूक शोधावी लागते. म्हणून तास लागतो आणि सुपरवायझर मध्ये पडतो.

जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरे पॅनची. शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून ठरावीक गणिताने येते. म्हणजे एखादे अक्षर चुकले तर ते बिल करतानाच, इंटरनेटशिवायही, पकडता येते. क्रमांक बरोबर रचनेचा पण दुसऱ्याच व्यापाऱ्याचा असेल, तर मात्र ही तपासणी फसते. त्यासाठी क्रमांकावरून व्यापाऱ्याचे नाव शोधून पडद्यावर दाखवावे लागते.

अशी तपासणी बसवायला एका प्रोग्रॅमरचे चार दिवस लागतील असे धरू. महिन्याला एक लाख खर्च असलेल्या प्रोग्रॅमरचे चार दिवस म्हणजे सुमारे १८,००० रुपये, एकदाच. समोर दर महिन्याची ९० तिकिटे, ९० तास. एका माणसाच्या जवळपास महिनाभराचे काम. ४३३ च्या भावाने ३९,००० रुपयांची क्षमता दर महिन्याला मोकळी होते. तपासणीने दोन तृतीयांश चुका पकडल्या तरी २६,००० ची होते आणि काम एका महिन्यात फिटते. ९८ च्या सरासरीने हीच ९० तिकिटे ८,८२० रुपयांची दिसली असती आणि प्रोग्रॅमरच्या यादीत हे काम तळाशी पडून राहिले असते.

म्हणून सपोर्टच्या महिन्याच्या कागदावर एकच आकडा नको. प्रकारवार तिकिटाची किंमत, सुटलेल्या प्रश्नाची किंमत आणि ग्राहकामागचा खर्च, हे तीन शेजारी-शेजारी असावेत, आणि तो कागद सपोर्टच्या खोलीत न ठेवता सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या बैठकीत ठेवावा. बारा मिनिटांचा फोन अकरा मिनिटांत संपवायला मुलांना हिणवून फार काही हाती लागत नाही. महाग तिकिटे जिथे तयार होतात तिथली दुरुस्ती फक्त प्रोग्रॅमर करू शकतो, आणि ती का करायची हे त्याला पटवून देणारा पुरावा सपोर्टच्या नोंदींतच असतो.